किनाऱ्यापासून साडेवीस मैल



समुद्राच्या कायद्याविषयी बोलावयाचे तर व्याख्यांपासून आरंभ करण्याची चाल आहे. मी मात्र एका बोटीपासून आरंभ करणार आहे. १५ फेब्रुवारी २०१२ या दिवशी, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर ‘सेंट अँटनी’ नावाची एक मासेमारी बोट आपल्या वाटेने चालली होती. त्याच सुमारास इटलीचे निशाण लावलेले ‘एन्रिका लेक्सी’ हे तेलवाहू जहाज तेथून पश्चिमेकडे निघाले होते. सोमाली चाच्यांपासून जहाजाचे रक्षण व्हावे म्हणून इटलीच्या नौदलाची एक लहान तुकडी त्यावर ठेवलेली होती. जवळ येणारी बोट चाच्यांची आहे असे समजून त्या तुकडीतील दोघांनी गोळ्या झाडल्या. इशारा म्हणून त्या पाण्यात झाडल्या, असे इटलीचे म्हणणे होते. पण बोटीवरचे दोन भारतीय मच्छीमार जागीच ठार झाले. बोट तोंड फिरवून किनाऱ्याकडे परतली. मुंबईच्या सागरी बचाव केंद्राने त्या जहाजाशी संपर्क साधून त्याला कोचीकडे यावयास सांगितले, आणि जहाज बंदरात आल्यावर, १९ फेब्रुवारीला, केरळ पोलिसांनी त्या दोघा नौसैनिकांना खुनाच्या आरोपावरून अटक केली.

येथवरची हकीकत कोणाही वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. परंतु पुढे जो वाद उभा राहिला, तो मिटावयास नऊ वर्षे लागली. मनुष्ये मेली आहेत, गोळ्या झाडणारे सापडले आहेत; मग खटला चालविण्यात अडचण ती कोणती? अडचण एवढीच की, ज्या पाण्यावर हे घडले ते पाणी कोणाचे, या प्रश्नाला आपण मानतो तसे साधे उत्तर नाही. “आपला समुद्र” असे आपण सहज म्हणतो, आणि आपल्या मनापुढे शेताच्या बांधासारखी एक रेषा उभी राहते. अलीकडे आपले, पलीकडे परक्याचे अथवा कोणाचेच नाही. समुद्राचा कायदा असा बांध घालीत नाही. तो पाण्याची वाटणी करण्यापेक्षा हक्कांची वाटणी करतो. ही एक गोष्ट ध्यानात आली म्हणजे बाकीचे सर्व आपोआप उलगडते. म्हणून आजच्या व्याख्यानात मी तेवढीच एक गोष्ट सांगणार आहे.

हा वाद जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या कोकणपट्टीशीच येऊन मिळतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याला ठाणे केले आणि या समुद्रावर आमचाच हक्क असे म्हणून व्यापारी गलबतांना परवाने घेण्याची सक्ती केली. हा परवाना म्हणजे ‘कार्ताझ’. तो जवळ नसलेले गलबत पकडले जाई. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही आपली दस्तके चालू केली. समुद्रावर सत्ता कोणाची याचा तो मराठी जबाब होता. इकडे युरोपात, पोर्तुगीजांच्या मक्तेदारीला विरोध करणाऱ्या डच व्यापारी कंपनीची बाजू मांडण्यासाठी ह्यूगो ग्रोशियस या पंडिताने १६०९ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा सिद्धान्त असा की, समुद्र हा हवेसारखा आहे. तो कोणाच्या ताब्यात राहू शकत नाही आणि एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. म्हणून तो सर्वांना मोकळा. सिद्धान्त उदात्त खरा, पण डच कंपनीच्या सोयीचाही होता, हे विसरू नये. समुद्राच्या कायद्यात तत्त्व आणि सोय ही दोन्ही प्रथमपासून हातात हात घालून चालत आली आहेत.

तरीही अगदी किनाऱ्यालगतचे पाणी सर्वांना मोकळे ठेवणे कोणत्याच राजाला परवडणारे नव्हते. तेव्हा तोफेचा गोळा जेथवर पोहोचतो तेथवर किनाऱ्याची सत्ता, असा व्यवहारी तोडगा निघाला, आणि पुढे तो तीन मैल या ठरीव आकड्यावर स्थिरावला. आपल्या देशानेही तीन मैलांपासूनच सुरुवात केली. १९५६ साली ते सहा मैल झाले आणि १९६७ साली बारा. आज जगात बहुतेक सर्वत्र हाच बारा मैलांचा पट्टा मानला जातो. यालाच प्रादेशिक समुद्र म्हणतात. सागरी मैल जमिनीवरच्या मैलाहून मोठा, १,८५२ मीटरांचा असतो. म्हणजे बारा सागरी मैल हे सुमारे बावीस किलोमीटर होतात. हे अंतर मोजावयाचे ते ओहोटीच्या रेषेपासून; आणि किनारा फार दंतुर असेल तेथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काढलेल्या सरळ रेषेपासून. त्या रेषेच्या आतले खाड्यांचे पाणी तर जमिनीसारखेच देशाचे.

या बारा मैलांत देशाची सत्ता जवळजवळ जमिनीवरच्यासारखीच पूर्ण असते. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की, परक्या जहाजाला कोणाला उपद्रव न देता सरळ निघून जाण्याची मुभा तेथेही आहे. जहाजाने थांबू नये, मासे धरू नयेत, हेरगिरी करू नये, निमूट जावे. यालाच निरुपद्रवी गमन म्हणतात. ‘सेंट अँटनी’वरचा गोळीबार या बारा मैलांच्या आत झाला असता, तर अधिकाराच्या वादाला फारशी जागाच राहिली नसती. पण तो झाला साडेवीस मैलांवर, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे अडतीस किलोमीटरांवर.

आता बारा मैलांच्या पुढे काय? पूर्वीचे उत्तर सोपे होते: पुढे खुला समुद्र, सर्वांचा. हे उत्तर मोडले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ते मोडण्याचे कारण तेल आणि मासे. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी जाहीर केले की, आमच्या किनाऱ्याला लागून समुद्राखाली पसरलेल्या भूमीतील संपत्ती आमची. हे ऐकल्यावर दक्षिण अमेरिकेतील चिली आणि पेरू यांनी १९४७ साली म्हटले, आमच्याकडे समुद्राखाली तशी उथळ भूमी फारशी नाही, पण मासे आहेत. तेव्हा दोनशे मैलांपर्यंतचा समुद्र आमचा. बड्या आरमारी राष्ट्रांना हे मुळीच रुचले नाही. दोनशे मैलांपर्यंत प्रत्येक देशाने सत्ता सांगितली तर त्यांची जहाजे जावयाची कोठून? या ओढाताणीतून कित्येक वर्षांच्या वाटाघाटींनंतर १९८२ साली संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार झाला. तो १९९४ साली अंमलात आला आणि भारताने त्याला १९९५ साली मान्यता दिली. आपण मात्र त्याआधीच, १९७६ साली, स्वतःचा कायदा करून दोनशे मैलांचे क्षेत्र जाहीर केले होते.

या करारातील तोडजोड मोठी चतुर आहे. बारा ते दोनशे मैलांच्या दरम्यान जे क्षेत्र निर्माण झाले, त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र असे नाव पडले. यातील ‘आर्थिक’ हा शब्द शोभेचा नाही. सगळा अर्थ त्यातच आहे. या क्षेत्रातील मासे किनाऱ्याच्या देशाचे, तळाखालचे तेल आणि वायू त्याचे, लाटांपासून व वाऱ्यापासून वीज काढावयाची तर तो हक्कही त्याचा. परंतु पाण्यावरून जाण्याचा, वरून विमान नेण्याचा आणि तळावर तारा टाकण्याचा हक्क मात्र सर्व राष्ट्रांना, खुल्या समुद्रावर असतो तसाच. आंब्याच्या झाडाची उपमा दिली तर फळे एकाची आणि सावली सर्वांची, असा हा व्यवहार आहे.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. १९७४ साली ज्या ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले, ते ठिकाण मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. म्हणजे ते आपल्या प्रादेशिक समुद्राच्या पुष्कळच बाहेर. तेथे भारताचे सार्वभौम राज्य नाही. पण तेथले तेल पूर्णपणे भारताचे आहे, आणि ते काढण्यासाठी उभारलेल्या फलाटांवर भारताचा कायदाही चालतो. त्या फलाटांपासून सुरक्षित अंतर राखून एखादे परकी मालवाहू जहाज जात असेल, तर त्याला “कोठे चाललास?” म्हणून अडविण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

तेच किनाऱ्यापासून साठ मैलांवर एक परकी मासेमारी जहाज जाळे टाकून उभे आहे असे समजा. येथे आपले तटरक्षक दल त्यावर चढू शकते, ते पकडून बंदरात आणू शकते आणि दंड करू शकते. कारण मासे आपले. तरीसुद्धा येथेही अधिकाराला वेसण आहे. दोन देशांत तसा करार नसेल तर केवळ मासे चोरल्याबद्दल खलाशांना तुरुंगात टाकता येत नाही, आणि योग्य तो जामीन मिळताच जहाज व खलाशी यांना सत्वर सोडावे लागते. म्हणजे हक्क वस्तूवर आहे, माणसावर नाही. माणसावर जो चालतो तो त्या वस्तूच्या रक्षणापुरता.

बारा ते चोवीस मैल या पट्ट्याला संलग्न क्षेत्र असे आणखी एक नाव आहे. तेथे जकात, कर, परकीयांचा प्रवेश आणि आरोग्य एवढ्या चार बाबतींत देशाला देखरेख ठेवता येते. आपल्या १९७६ च्या कायद्याने यात सुरक्षिततेची भर घातली आहे. करारात ती नाही. दोनशे मैलांच्या पलीकडे खुला समुद्र. तेथे प्रत्येक जहाजावर ज्या देशाचे निशाण असेल त्याच देशाचा कायदा, असा सर्वसाधारण नियम. चाचेगिरीसारखे काही थोडे अपवाद सोडून.

आता पुन्हा आपल्या बोटीकडे येऊ. साडेवीस मैल म्हणजे संलग्न क्षेत्र, आणि अर्थातच अनन्य आर्थिक क्षेत्रही. माणसे मारली गेली, हा जकातीचा प्रश्न नव्हे आणि माशांचाही नव्हे. मग भारताचा अधिकार कोठून यावयाचा? केरळ सरकारने १९८१ सालच्या एका अधिसूचनेकडे बोट दाखविले. त्या अधिसूचनेने भारतीय दंडविधान अनन्य आर्थिक क्षेत्रालाही लागू केले होते. केरळच्या उच्च न्यायालयाने हे मानले. इटली सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १८ जानेवारी २०१३ रोजी निकाल झाला. न्यायालयाने म्हटले की, राज्याची हद्द प्रादेशिक समुद्राबरोबर संपते, म्हणून केरळला हा खटला चालविता येणार नाही; अधिकार भारताच्या केंद्र सरकारचा आहे, आणि त्याने यासाठी खास न्यायालय नेमावे. शेवटी हा अधिकार भारताला आहे की इटलीला, हा मुद्दाही तेथे उपस्थित करण्याची इटलीला मोकळीक ठेवली.

इटलीचे म्हणणे साधे होते. खुल्या समुद्रावर, आणि म्हणून आर्थिक क्षेत्रातही, जहाजावर निशाणाच्या देशाचाच अधिकार. आमच्या जहाजावरून आमच्या माणसांनी काही केले असेल, तर त्यांचा न्याय रोममध्ये होईल. याला आधार म्हणून करारातील एक कलम पुढे केले गेले: समुद्रावर टक्कर अथवा नौकानयनाचा अन्य अपघात झाल्यास जबाबदार खलाशावरचा खटला त्याच्या निशाणाच्या अथवा त्याच्या स्वतःच्या देशातच चालावा.

या कलमाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. १९२६ साली ‘लोटस’ हे फ्रेंच जहाज आणि ‘बोझ-कुर्त’ हे तुर्की जहाज यांची एजियन समुद्रात टक्कर झाली आणि आठ तुर्की माणसे बुडाली. ‘लोटस’ कॉन्स्टँटिनोपलला पोहोचल्यावर तुर्कांनी त्याच्या फ्रेंच अधिकाऱ्याला धरले. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. न्यायाधीश सहा विरुद्ध सहा असे दुभंगले आणि १९२७ साली अध्यक्षांच्या निर्णायक मताने तुर्कस्तान जिंकले. न्यायालयाचा विचार असा: चूक फ्रेंच जहाजावर झाली, पण तिचा परिणाम तुर्की जहाजावर झाला; आणि जहाज हे त्याच्या देशाच्या भूमीसारखे समजावयाचे. तेव्हा गुन्हा दोन्ही ठिकाणी घडला. जगातील खलाशी वर्ग या निकालाने घाबरला. धुक्यात एखादी चूक झाली तर कोणत्याही बंदरात बेड्या पडावयाच्या! म्हणून पुढच्या करारांत टक्करीपुरता हा निकाल फिरविण्यात आला. ते हे कलम. ध्यानात घ्या, फिरविला तो टक्करीपुरता. बाकीच्या गुन्ह्यांना ‘लोटस’चा न्याय लागू राहिला की नाही, हाच आता प्रश्न होता.

२०१५ साली इटलीने प्रकरण करारान्वये लवादाकडे नेले. पाच सदस्यांच्या या लवादाने २१ मे २०२० रोजी निवाडा दिला. त्याचे तीन भाग आपण नीट वेगळे करून पाहू.

पहिला भाग असा की, बंदुकीची गोळी झाडणे म्हणजे टक्कर नव्हे आणि नौकानयनाचा अपघातही नव्हे. म्हणून ते कलम येथे लागू नाही. गोळी इटालियन जहाजावरून सुटली, मृत्यू भारतीय बोटीवर झाले. तेव्हा दोन्ही देशांचा अधिकार एकाच वेळी संभवतो. जहाजाला कोचीला बोलावण्यात अथवा नौसैनिकांना धरण्यात भारताने कराराचा भंग केला नाही. येथपर्यंत आपली सरशी.

दुसरा भाग आपल्या विरुद्ध गेला. ते दोघे जण इटलीच्या नौदलाचे, सरकारी कामावर असलेले होते. एका राष्ट्राच्या अधिकाऱ्याने सरकारी नात्याने केलेल्या कृत्याबद्दल दुसऱ्या राष्ट्राने त्याच्यावर फौजदारी खटला चालवू नये, असा आंतरराष्ट्रीय रिवाज आहे. त्याचा लाभ त्यांना मिळतो, असे तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले. अधिकार आहे, पण तो या दोघांवर चालविता येत नाही, असे याचे सार. खटला भारतात चालणार नाही. इटलीने तपास पुन्हा सुरू करण्याचे वचन दिले, त्याची लवादाने नोंद घेतली.

तिसरा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. भारताचे म्हणणे असे होते की, इटलीने आमच्या आर्थिक क्षेत्रातील आमच्या हक्कांचा भंग केला. हे लवादाने मान्य केले नाही. गोळीबाराचा माशांच्या मालकीशी संबंध नव्हता. पण दुसरी एक गोष्ट मान्य केली. गोळीबारामुळे ‘सेंट अँटनी’ला आपला मार्ग सोडून परत फिरावे लागले, म्हणजे समुद्रावरून निर्वेध जाण्याचे जे स्वातंत्र्य प्रत्येक देशाच्या जहाजाला आहे, त्याचा इटलीने भंग केला. म्हणून जीवितहानी, शारीरिक इजा, बोटीचे नुकसान आणि नौकेवरील माणसांना झालेला मनस्ताप यांबद्दल भारताला भरपाई मिळाली पाहिजे. पुढे रक्कम दहा कोटी रुपये ठरली: मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी चार कोटी आणि बोटीच्या मालकाला दोन कोटी. ती जमा झाल्यावर १५ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने येथील खटला बंद केला. रोममध्येही जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधीशाने प्रकरण मिटविले. कोणावर खटला उभा राहिलाच नाही.

यातील मर्म पाहा. “हा समुद्र आमचा” या दाव्यावर आपल्याला भरपाई मिळाली नाही. “हा समुद्र सर्वांना मोकळा आहे, म्हणून आमच्या मच्छीमारालाही मोकळा आहे” या दाव्यावर मिळाली. ज्या खुलेपणाकडे आपण बड्या आरमारांची सोय म्हणून संशयाने पाहतो, तोच खुलेपणा एका लहानशा मासेमारी बोटीच्या कामी आला.

अर्थात तो संशय अगदीच निराधार नाही. ७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या ‘जॉन पॉल जोन्स’ या युद्धनौकेने लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० मैलांवर, म्हणजे आपल्या आर्थिक क्षेत्रात, भारताची संमती न घेता संचार केला आणि तसे जाहीरही केले. परक्या आरमाराने आमच्या आर्थिक क्षेत्रात संमतीवाचून लष्करी कवायती करू नयेत, अशी आपली भूमिका आहे. करारास मान्यता देतानाच आपण ती नोंदविली होती. अमेरिका म्हणते, करारात तसे कोठेही लिहिलेले नाही. गंमत अशी की, अमेरिकेने स्वतः या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. या प्रश्नावर करार मोघम आहे. ज्या हक्काची वाटणी स्पष्ट झालेली नाही, त्याचा वाद सर्व परिस्थिती ध्यानात घेऊन न्यायबुद्धीने सोडवावा, एवढेच तो सांगतो. बळवान आणि दुर्बळ यांच्यात न्यायबुद्धी कोणाची चालते, हे सांगावयास मी येथे उभा नाही.

एवढे मात्र सांगतो. यापुढे समुद्रातील एखाद्या तंट्याची बातमी आपल्या वाचनात आली, तर “ते आपल्या हद्दीत घडले का?” असा एकच प्रश्न विचारून थांबू नका. तीन प्रश्न विचारा. किनाऱ्यापासून किती मैलांवर घडले? वाद कशाबद्दल आहे, माशांबद्दल, तेलाबद्दल, जाण्यायेण्याबद्दल की माणसाच्या जिवाबद्दल? आणि कोणत्या निशाणाच्या जहाजावर, कोणत्या नात्याने वावरणाऱ्या माणसाने ते केले? या तिहींची उत्तरे मिळाली म्हणजे अधिकार कोणाचा हे बहुधा कळेल. न्याय मिळेल की नाही, तो प्रश्न वेगळा आहे. ‘सेंट अँटनी’वरच्या त्या दोघांच्या घरी पैसे पोहोचले, पण त्यांना कोणी आणि का मारले, याचा निवाडा भर न्यायालयात, साक्षीपुराव्यानिशी, कोणत्याही देशात झाला नाही. समुद्राच्या कायद्याने अधिकारांची वाटणी पुष्कळ बारकाईने केली आहे. त्या वाटणीच्या फटीतून दोन माणसांचा खटला निसटून गेला, हेही आपण त्याच हिशेबात मांडून ठेवले पाहिजे.